ऊन, घाम आणि धूप

«उन्हात उभा राहू नकोस, घाम येईल.» हे साधे वाक्य उत्तर प्रदेशातल्या बलियाहून आलेल्या माणसाने प्रथम ऐकले, तर तो दोनदा अडखळेल. त्याच्या हिंदीत ‘ऊन’ म्हणजे लोकर आणि घरच्या भोजपुरीत ‘घाम’ म्हणजे सूर्याचा ताप. सारखे दिसणारे हे दोन्ही शब्द त्याला चकवतात खरे, पण दोन्हींची कारणे अगदी वेगळी आहेत, आणि ती कळली की अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

‘ऊन’ हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे. संस्कृत ‘ऊर्णा’ म्हणजे लोकर. प्राकृतात तिचे ‘उण्णा’ झाले आणि हिंदीत ‘ऊन’ उरले. मराठी ‘ऊन’ मात्र ‘उष्ण’ या शब्दातून, ‘उण्ह’ या प्राकृत रूपावाटे आले. झिजत झिजत दोन्ही शब्द एकाच उच्चाराला पोचले. याचा पुरावा मराठीने स्वतःच जपून ठेवला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो: प्रत्यय लागताच ‘ऊन’चे ‘उन्हात’, ‘उन्हाने’ होते आणि प्राकृतातला हरवलेला ‘ह’ परत येतो. ‘उन्हाळा’ या शब्दातही तोच ‘ह’ आहे. म्हणून शिकणाऱ्याने ‘ऊन’ एकटे लक्षात न ठेवता ‘ऊन–उन्हात’ अशी जोडीच लक्षात ठेवावी. ‘ऊनात’ असे लिहिले गेले, तर चूक तिथेच दिसते.

‘घाम’ची गोष्ट उलटी आहे. इथे शब्द एकच, संस्कृत ‘घर्म’. त्याचा मूळ अर्थ उष्णता, आणि उष्णतेने अंगावर येणारे पाणी हा अर्थही संस्कृतातच होता. मराठीने पाणी घेतले, भोजपुरीने आणि नेपाळीने ऊन घेतले. प्रमाण हिंदीत हा शब्द मागे पडला आणि त्या पाण्याला ‘पसीना’ म्हटले जाऊ लागले. फारसीतून आलेला ‘गरम’ हा शब्दही याच घराण्यातला आहे.

आता हिंदीभाषकाची ‘धूप’ उरते. देवापुढे जाळण्याचा धूप दोन्ही भाषांत आहे, पण सूर्यप्रकाश हा अर्थ मराठीत नाही. त्यामुळे «आज फार धूप आहे» असे म्हटले, तर मराठी माणूस देवघराकडे पाहील. शिवाय हिंदीत सूर्याची धूप स्त्रीलिंगी, मराठीत ‘तो धूप’ आणि ‘ते ऊन’. लिंग चुकले की विशेषण आणि क्रियापदही चुकते.

सरावासाठी एक वाक्य पुरते. हिंदीत «ऊन धूप में सुखाया» म्हणतात, तेव्हा मराठीत «लोकर उन्हात वाळवली» असे म्हणावे लागते.