‘डोळे फोडणारी’ नावं: कल्पित जगातल्या बारशाची पार्श्वभूमी

फँटसीचं हस्तलिखित वाचून झाल्यावर पहिली तक्रार बहुधा नावांचीच येते. ही तक्रार जुनी आहे, आणि तिची एक गाजलेली नोंद १९३७ सालची आहे. त्या सप्टेंबरमध्ये जे. आर. आर. टॉल्किन यांचं ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं होतं. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांना लगेच पुढचं पुस्तक हवं होतं, तेव्हा टॉल्किननी वर्षानुवर्षं रचत आणलेल्या पुराणकथांचे कागद त्यांच्या हवाली केले. प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचणाऱ्या एडवर्ड क्रँकशॉ यांच्याकडे त्यातलं बेरेन-लूथिएनचं दीर्घकाव्य आणि जोडीला थोडं गद्य गेलं. त्यांनी गद्याची स्तुती केली, पण यातली केल्टिक नावं डोळे फोडणारी आहेत, असा शेराही मारला.

टॉल्किन भाषांचे प्राध्यापक, त्यामुळे हे त्यांना झोंबलंच. डिसेंबरमधल्या उत्तरात त्यांनी कळवलं की नावं केल्टिक मुळीच नाहीत, ती एकमेकींशी नातं असलेल्या दोन पद्धतींतून नेटकेपणानं घडवलेली आहेत. नावं पाडणाऱ्या इतर लेखकांना, अगदी स्विफ्ट किंवा डन्सेनी यांनाही, न साधलेला खरेपणा त्यांत आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. मला दोघंही बरोबर वाटतात. नाव आतून सुसंगत असणं आणि ते वाचकाच्या लक्षात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही.

त्याआधी पाचच वर्षं, १९३२ मध्ये, केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचं स्मृतीवरचं पुस्तक आलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचकांना देऊन त्यांनी ती काही काळानं पुन्हा लिहायला लावली होती. कथेच्या पहिल्याच वाक्यात एगुलाक हे गाव येतं, पुढे कलामा. दोन तरुण, नदी, होडी आणि लढाई हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहिलं. गावांची नावं मात्र आधी वेडीवाकडी झाली आणि मग गळूनच गेली. १९८७ मधल्या एका प्रयोगानं याला आणखी धार आणली. अनोळखी चेहरा दाखवून ‘हा बेकर आहे’, म्हणजे पाव भाजणारा आहे, असं सांगितलं तर ते लक्षात राहतं. ‘याचं आडनाव बेकर’ असं सांगितलं तर तोच शब्द निसटतो. व्यवसाय म्हटला की भट्टी, पीठ, पहाटेचं उठणं असं बरंच काही त्याला चिकटतं. आडनावाला काहीच चिकटत नाही. मग पूर्ण बनावट नावाची काय कथा?

या कसोटीवर ‘द हॉबिट’ तपासून पाहण्यासारखं आहे. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके दारात येतात. नवशिक्यानं हे केलं असतं तर संपादकानं कपाळाला हात लावला असता. पण ते एकदम येत नाहीत. आधी ड्वालिन, मग बालिन, मग किली-फिली जोडीनं, पुढे डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन आणि शेवटच्या खेपेत बिफुर, बोफुर, बोंबुर आणि थोरिन. त्यांची बहुतेक नावं ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललेली आहेत. यमकांमुळे तेराची पाच-सहा गाठोडी होतात. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते, कारण गाठोड्यातला एकेकटा चेहरा पुसला जातो. नोरी आणि ओरी यांतला फरक पुस्तक संपल्यावर क्वचितच कोणी सांगेल. बोंबुर आठवतो तो लठ्ठपणामुळे, थोरिन आठवतो तो म्होरक्या म्हणून. आपल्याकडे अंबा, अंबिका, अंबालिका या तिघी बहिणी म्हणून चटकन आठवतात, पण धृतराष्ट्राची आई कोणती, असं विचारलं की माणूस अडखळतो.

‘द हॉबिट’च्याच पहिल्या खर्ड्यात जादूगाराचं नाव ब्लाडोर्थिन होतं, ड्रॅगनचं प्रिफ्टान, आणि गँडाल्फ हे नाव बुटक्यांच्या नायकाचं होतं. पुढे जादूगार गँडाल्फ झाला आणि ड्रॅगन स्मॉग. दोन्ही बदलांनंतर नाव आखूड झालं आणि उच्चार सोपा झाला. ब्लाडोर्थिन छापील पुस्तकात एकदाच येतो, एका दिवंगत राजाचं नाव म्हणून. ज्याचं पुढे काही काम नाही त्याला अवघड नाव दिलं तर बिघडत नाही.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये हे आणखी पक्कं झालेलं दिसतं. सुरुवातीची गावं हॉबिटन, बायवॉटर अशी, इंग्रज वाचकाला शेजारच्या तालुक्यातली वाटावीत अशी आहेत. परकी नावं वाट पुढे सरकेल तशी वाढत जातात. अ‍ॅरागॉर्न आधी ‘स्ट्रायडर’ म्हणून भेटतो, म्हणजे लांब ढांगा टाकणारा. त्या टोपणनावाला चेहरा, चाल आणि संशय चिकटल्यावरच खरं नाव पुढे येतं.

तरी एक घोळ राहिलाच: सॉरॉन आणि सारुमान. दोघं खलनायक, दोघांची सुरुवात ‘स’नं, शेवट ‘न’नं. एकाचं चिन्ह डोळा, दुसऱ्याचं पांढरा हात, म्हणून पुस्तकात निभावतं. कानाला तो आधार नसतो. राल्फ बक्शी यांच्या १९७८ च्या अ‍ॅनिमेशनपटात सारुमानला बऱ्याच ठिकाणी ‘आरुमान’ म्हटलंय, तेही सगळीकडे नाही, त्यामुळे गोंधळात भरच पडली.

१९३७ साली मागे पडलेल्या पुराणकथा ‘द सिल्मरिलियन’ म्हणून लेखकाच्या पश्चात १९७७ मध्ये आल्या. त्यात एल्फांचा राजा फिन्वे याचे मुलगे फिंगोल्फिन आणि फिनार्फिन, नातवंडांत फिंगॉन आणि फिनरॉड. अशी घराणी इतिहासात खरीच असतात. वेसेक्सच्या एथेलवुल्फ राजाच्या मुलांत एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड होते, आणि सामान्य वाचकाला आठवतो तो फक्त आल्फ्रेड. जुन्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला ही रीत घरची होती. पण कथेत फिंगोल्फिन मरतो तेव्हा वाचकाला दोन पानं मागे जाऊन ‘हा कुठला?’ पाहावं लागलं, तर त्या मरणाचा भार निम्मा होतो. पुस्तकाच्या शेवटी नावांची लांबलचक सूची दिली आहे, पण ती शोधायला मदत करते, आठवायला नाही.

मराठी हस्तलिखितात या अडचणीचं रूप थोडं वेगळं असतं. समजा, एकाच दरबारात तारिन, तोरण, तिरेण आणि त्यांचा गड तरुणा आहे. मोठ्यानं वाचताना चारही वेगळे वाटतात. पानावर मात्र त-र-न/ण हा सांगाडा चौघांचा सारखा, फरक फक्त मात्रांचा, आणि भराभर वाचणारी नजर नेमकी मात्रांवरूनच घसरते. तारिन तसाच ठेवावा. तोरणला ‘भेद्र’ करावं, म्हणजे अक्षरं दोन आणि सुरुवात वेगळी. तिरेणला लांब ‘ओसमावली’ द्यावं. गडाला नुसतं ‘काळकडा’ म्हटलं तरी चालेल, कारण त्याला रंग आणि उंची नावातच मिळते. ‘झ्ग्रथ्न’सारखी जोडाक्षरांची गाठ तर नकोच, कारण जे उच्चारता येत नाही ते वाचक ‘तो झ-वाला’ म्हणून ओलांडतो.

तपासायला सोपी पद्धत आहे. तीन प्रकरणं कोणाला तरी वाचायला द्यावीत आणि दोन-चार दिवसांनी गोष्ट सांगायला लावावी. ‘तो आंधळा सेनापती’ असं उत्तर आलं तर माणूस पोचलाय, फक्त नाव पोचलेलं नाही, तेव्हा नाव बदललं की भागतं. ‘त्या दोघांतला कोण तरी’ असं उत्तर आलं, तर आधी नावं एकमेकांपासून दूर न्यावीत आणि पुन्हा विचारून पाहावं. तरीही तेच उत्तर आलं, तर बहुधा ती दोन पात्रंच एक करायला हवीत.