मालकाच्या पत्रामागची पंच्याऐंशी वर्षं: पागडीची इमारत, पुनर्विकास आणि जागा सोडण्याची मुदत

गिरगाव, भुलेश्वर, माझगाव, लालबाग या भागांतल्या जुन्या इमारतींत जिन्याजवळच्या फळ्यावर कधी ना कधी मालकाचं पत्र लागतं. मजकूर जवळपास ठरलेलाच असतो. इमारत जीर्ण झाली आहे, पुनर्विकासाचा विचार आहे, सर्व भाडेकरूंनी जुन्या भाडेपावत्यांच्या प्रती द्याव्यात, संमतीपत्रावर सह्या कराव्यात, जागा रिकामी करण्याची मुदत आणि पर्यायी सोय यांवर अमुक रविवारी बैठक आहे. पत्र वाचून पहिला प्रश्न येतो तो असा: इमारत मालकाची, मग तो सह्या का मागतोय? आणि सह्या लागतातच, तर मुदत ठरवणारा तो कोण? दोन्ही प्रश्नांची उत्तरं 1940 पासून सुरू होतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई झाली आणि सरकारने भाडी गोठवली. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं हे ‘प्रमाणित भाडं’ धरलं. टंचाईपुरता आणलेला हा कायदा दर वेळी मुदतवाढ मिळत अर्धशतक टिकला. खोलीचं भाडं 12 रुपये असेल तर ते जवळजवळ तेवढंच राहिलं, आणि भाडं वेळेवर भरणाऱ्याला बाहेर काढणंही अवघड झालं. सर्वोच्च न्यायालयानेही 1997 च्या अखेरीस सांगितलं की 1940 च्या आकड्यावर भाडं थिजवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने एकदाच 5 टक्के आणि पुढे दरवर्षी 4 टक्के वाढीची मुभा दिली. 12 रुपयांवर हा हिशोब करून पाहा. पंचवीस वर्षं चक्रवाढीने वाढवूनही भाडं 34 रुपयांच्या आत राहतं. चाळीस खोल्यांच्या इमारतीचं महिन्याचं उत्पन्न मग 1,350 रुपयांच्या आसपास; कर आणि उपकर वेगळे. एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग तर सोडाच, मलनि:सारणाचा एक पाइपही बदलून होत नाही.

मालकाचं उत्पन्न मग कुठून यायचं, तर पागडीतून. आत येताना भाडेकरू मोठी रक्कम देतो, भाडं नाममात्र राहतं आणि तो जागा दुसऱ्याला देऊन निघाला की ‘पावती नावावर’ करण्यासाठी मालक आपला हिस्सा घेतो. बहुतेक ठिकाणी हा हिस्सा एक तृतीयांश असतो. ही रीत आहे, कायद्यातलं प्रमाण नव्हे. 1947 च्या कायद्यात अशी रक्कम घेणं गुन्हा होता, तरी अख्खं शहर त्यावर चाललं. 1999 च्या कायद्याच्या कलम 56 ने तिला मान्यता दिली. म्हणून पागडीवाला भाडेकरू स्वतःला निम्मा मालक समजतो, आणि माझ्या मते तो फार चुकतही नाही. रिडेव्हलपमेंटच्या बैठकीतला अर्धा राग इथूनच येतो.

दुरुस्ती कोणीच करत नव्हतं, तेव्हा इमारती कोसळू लागल्या. 1969 मध्ये सरकारने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. मालमत्ता करासोबत उपकर घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची अशी ती योजना होती. 1971 पासून मंडळ कामाला लागलं, पुढे म्हाडात विलीन झालं. हा उपकर फक्त शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच लागतो. यात सुरुवातीला 19,642 इमारती होत्या. त्यांतल्या 16,502 ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या. ‘आमची बिल्डिंग सेसची आहे’ असं लोक म्हणतात ते यामुळे. उपनगरांतल्या पागडीच्या इमारतींना हा उपकर नाही आणि त्यांच्या पुनर्विकासाचा नियमही वेगळा आहे, तेव्हा दादरच्या नातेवाइकाचा अनुभव विलेपार्ल्यात जसाच्या तसा लागू होत नाही.

उपकराने इमारती उभ्या राहिल्या, पण बऱ्याचशा टेकूंवर. तेव्हा 1986 मध्ये म्हाडा कायद्यात आठवं-अ प्रकरण घालण्यात आलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार इमारत संपादित करून त्यांना देऊ शकतं, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला. वरच्याच चाळीस खोल्या 12 रुपयांनी धरल्या तर अख्ख्या इमारतीचे, जमिनीसकट, 48,000 रुपये! मालकांच्या संघटनेने याला न्यायालयात आव्हान दिलं. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. या एका प्रकरणावरून दोन्ही बाजूंचा अविश्वास किती जुना आहे हे कळतं.

प्रत्यक्षात वाट निघाली ती चटई क्षेत्रातून, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं या मर्यादेतून. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 33(7) आणि 1999 मध्ये त्यात झालेला बदल यांनी मालक-बिल्डरला गणित घालून दिलं. जुन्या भाडेकरूंना नवीन घरं मोफत द्या, त्या बदल्यात जादा बांधकाम मिळेल ते विका. आता 2034 च्या नियमावलीत प्रत्येक भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेटच्या घराची हमी आहे. म्हणजे 180 फुटांच्या खोलीला 300 मिळतात, आणि जागा मालकी हक्काने मिळते.

मालकाच्या पत्रातली बारीक अक्षरं आता वाचता येतात. पावती मागितली आहे ती 13 जून 1996 या तारखेसाठी. त्या दिवशी इमारतीत जेवढ्या भाडेकरूंच्या जागा होत्या, तेवढ्यांसाठीच जादा चटई क्षेत्र मोजलं जातं. नंतर एका खोलीच्या दोन पावत्या केल्या असतील तर दोन घरं मिळत नाहीत. दोन भावांत भिंत घालून वाटणी झाली असेल तर हा घोळ बैठकीत हमखास निघतो. म्हाडा ही यादी तपासून प्रमाणित करते, म्हणून वडिलांच्या नावाची 1995-96 ची पावती डब्यातून शोधून ठेवणं हे पहिलं काम.

सही मागितली आहे ती संमतीसाठी. पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची लागायची, आता 51 टक्के पुरते. चाळीसपैकी 21 जणांनी सह्या केल्या की मालकाची बाजू पक्की होते. शिवाय ही संमती मागे न घेता येणारी असते. उरलेल्या एकोणीस जणांनाही मग म्हाडा कायद्याच्या 95-अ कलमाखाली जागा रिकामी करावी लागते, पर्यायी सोय मात्र त्यांनाही मिळायलाच हवी. त्यामुळे ‘मी सही केलीच नाही’ हे ढालीसारखं वापरता येत नाही. सहीच्या बदल्यात करारात काय लिहून घ्यायचं, हा विचार आधी करायला हवा.

सगळ्यांत गोंधळ होतो तो मुदतीबाबत. पत्रात ‘तीन महिन्यांत जागा सोडावी’ असं असतं, पण तीन महिने कधीपासून मोजायचे हे नसतं. कामाचा क्रम असा चालतो: संमती गोळा होते, म्हाडा यादी प्रमाणित करून ना-हरकत प्रमाणपत्र देते, नकाशांना महापालिकेची सशर्त मंजुरी, म्हणजे आयओडी, मिळते, मग इमारत रिकामी करून पाडतात, मग बांधकाम सुरू करण्याची सीसी येते आणि शेवटी नव्या इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, म्हणजे ओसी. समजा बैठक जानेवारीत झाली. पुढच्या दिवाळीपर्यंत आयओडी आली तरी काम जलद झालं असं समजायचं. जाणता वकील मुदत ‘आयओडी मिळाल्याची प्रत, प्रत्येक भाडेकरूशी पर्यायी कायमस्वरूपी जागेचा नोंदणीकृत करार, आणि पर्यायी घराचं पहिल्या वर्षाचं भाडं हातात पडल्यापासून साठ दिवस’ अशी लिहून घेतो. तारखेऐवजी अशी घटना बांधली की कोणी आधीच सामान हलवून अडकत नाही.

आयओडीच्या आधीच जागा सोडलेल्यांची अवस्था मुंबईत सगळ्यांनी पाहिली आहे. काही महिने भाड्याचे चेक वटतात, मग बिल्डर फोन उचलत नाही, प्लॉटवर पत्र्याचं कुंपण आणि आत गवत. धोका ओळखायची एक खूण आहे. प्लॉट लहान आणि भाडेकरू जास्त असतील, तर भाडेकरूंची घरं काढून विकायला फारसं उरत नाही. अशा वेळी बिल्डर शेजारची इमारत जोडून घ्यायचं बोलू लागतो. ते वाईट नाही, पण दुसऱ्या इमारतीच्या सह्या होईपर्यंत तुमची मुदत लांबणार हे नक्की. समूह पुनर्विकासाचा 33(9) हा नियम याच अडचणीवर आहे. त्याला शहरात किमान 4,000 चौरस मीटरचा पट्टा लागतो, भेंडीबाजाराचा प्रकल्प त्याच नियमाखाली चालला आहे.

पर्यायी सोय मुख्यतः दोन प्रकारची. बिल्डर संक्रमण शिबिरात खोली देतो, किंवा महिन्याचं भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च देतो. हल्ली बहुतेक जण भाडंच घेतात, कारण शिबिरात गेलेली कुटुंबं तिथेच एक पिढी काढतात हे सगळ्यांना माहीत आहे. भाड्याच्या आकड्यासोबत दरवर्षीची वाढ, दलाली आणि अनामत कोण देणार हेही लिहून घ्यावं. मुलांची शाळा गिरगावात आणि परवडणारं भाडं डोंबिवलीत, हा तिढा कुठल्याच करारात सुटत नाही, त्याची तयारी घरातच करावी लागते. नव्या टॉवरचा देखभाल खर्च हाही याच टप्प्यावर बोलायचा विषय आहे. 34 रुपये भरणाऱ्याला दरमहा हजारोंचं बिल येणार असतं, म्हणून त्यासाठी एकरकमी ठेव, म्हणजे कॉर्पसची रक्कम मागायची.

पत्राऐवजी महापालिकेची 354 कलमाखालची नोटीस आली, म्हणजे इमारत ‘सी-1’ या अतिधोकादायक वर्गातली ठरली, तर वाटाघाटींना वेळ उरत नाही. भाडेकरूंना वाटलं की मालकाने सोयीचा संरचनात्मक अहवाल आणला आहे, तर ते आपल्या अभियंत्याचा अहवाल देऊ शकतात, आणि दोन अहवाल जुळले नाहीत की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मात्र संपत नाही. पूर्वी याबाबत उलट निकाल होता, पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढून सांगितलं की बांधकाम पडलं तरी भाडेकरूपण जमिनीसोबत टिकतं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने पाडण्याआधी रहिवाशांची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ नोंदवण्याचे निर्देश दिले. खोलीचं माप घ्यायला महापालिकेचा माणूस येतो तेव्हा पोटमाळा आणि गॅलरी त्याने मोजली का, हे समोर उभं राहून पाहावं, आणि सहीशिक्क्याची प्रत हातात घेतल्याशिवाय चावी देऊ नये.