टायटलमधली जोडाक्षरं तुटतात तेव्हा फॉन्ट बदलण्याआधी हे वाचा

आमच्याकडे टायटल करून घेणाऱ्या आणि आमची टायटल आपल्या टाइमलाइनवर लावणाऱ्या एडिटर मित्रांसाठी हे माहितीपत्रक आहे. लग्नसराईत रोज तोच फोन येतो: "लक्ष्मी तुटतंय, दहा फॉन्ट बदलून बघितले, काही होत नाही." दहा फॉन्ट बदलण्यात अर्धा दिवस जातो. बहुतेक वेळा फॉन्टचा त्यात काहीच दोष नसतो.

"लक्ष्मी" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांसारखा दिसतो. संगणकात मात्र तो सात तुकड्यांत साठवलेला असतो.

```
ल  क  ्  ष  ्  म  ी
```

त्यातला क, पाय मोडण्याची खूण आणि ष एकत्र आणून क्ष घडवायचा, त्याचाही पाय मोडून म जोडायचा, हे काम सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन करतं. कोणता आकार लावायचा ते त्याला फॉन्टच्या आतल्या तक्त्यातून कळतं. म्हणजे फॉन्टकडे आकार असतात आणि जुळणी इंजिन करतं. इंजिनाने तक्ता उघडलाच नाही तर जगातला सर्वात चांगला मराठी फॉन्टही लक्ष्मी तुटकीच दाखवणार. प्रीमियर आणि फोटोशॉपच्या ज्या आवृत्त्यांत इंजिन निवडता येतं, तिथे बहुतेकांच्या मशीनवर पहिल्यापासून युरोपीय किंवा पूर्व आशियाई लिपींचं इंजिन निवडलेलं असतं. खरी गडबड तिथे आहे.

दोष कुणाचा हे ओळखायला आम्ही एक चाचणी ओळ वापरतो. ती तुमच्या एडिटरमध्ये जशीच्या तशी टाका:

```
स्थिती लक्ष्मी कऱ्हाड विठ्ठल मुहूर्त
```

आधी "स्थिती"कडे बघा. पहिली वेलांटी अर्ध्या स च्या डावीकडे यायला हवी. ती थ च्या उजवीकडे लटकत असेल आणि स खाली मोडक्या पायाची खूण दिसत असेल, तर इंजिन चुकीचं आहे. अशा वेळी फॉन्टला हात लावू नका. "स्थिती" नीट आली, पण "विठ्ठल"मध्ये ठ खाली पाय मोडलेला दिसतो, असं झालं तर इंजिन बरोबर आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये ठ्ठ चा जोड आकार नाही. इथे मात्र फॉन्ट बदलायचा. अक्षरांच्या जागी चौकोन आले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर टायपिंगचा क्रम चुकलाय, वेलांटी किंवा मात्रा अक्षराच्या आधी दाबली गेलीय. ते पुसून पुन्हा टाइप करणं हाच उपाय.

इंजिन बदलायला दोन मिनिटं लागतात. प्रीमियरमध्ये `Preferences` उघडा, `Graphics` मध्ये जा आणि टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` करा. फोटोशॉपच्या ज्या आवृत्तीत इंजिनाचा पर्याय आहे तिथे `Preferences`, मग `Type`, आणि त्यात `World-Ready Layout`. त्याहून जुन्या आवृत्तीत हाच पर्याय `Middle Eastern and South Asian` या नावाने आहे. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये `Paragraph` पॅनलच्या मेनूत `Adobe World-Ready` ने सुरू होणारा कंपोझर निवडायचा.

यानंतर बरेच जण एका ठिकाणी फसतात. सेटिंग बदललं, पण टाइमलाइनवरचं जुनं टायटल तुटकंच दिसतं, म्हणून सेटिंगचा उपयोग नाही असं समजून ते पुन्हा फॉन्टकडे वळतात. आधी केलेला टेक्स्ट लेयर जुनं इंजिन धरून बसलेला असू शकतो. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा, नवा लेयर घ्या आणि चाचणी ओळ त्यात टाका. जुन्या लेयरची नक्कल करू नका, दोषही सोबत येतो. फोटोशॉपमध्ये फाइलही नवी घ्या.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये साधं `Text` आणि `Text+` ही दोन वेगळी साधनं आहेत, आणि एकात नीट आलेला मजकूर दुसऱ्यात नीट येईलच असं नाही. दोन्हींत चाचणी ओळ टाकून बघा आणि जे पास होईल तेच वापरा. दोन्ही नापास झाली तर खाली सांगितलेला पीएनजीचा मार्ग आहे.

आता "कऱ्हाड"बद्दल, कारण हा घोळ आपल्या मराठीत नेहमीचा आहे. "मुहूर्त"मधला र रफार होऊन त च्या डोक्यावर जातो, "कऱ्हाड"मधला र ह च्या आधी आडवा बसतो. हा आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडणं. इनस्क्रिप्टमध्ये `Shift+J`, मग `d`, मग `u` दाबलं की ऱ्ह येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना हे न दिसणारं चिन्ह कधी कधी गळतं, आणि कऱ्हाडचं कर्हाड होतं. आभाराच्या पाटीवर "आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार" असायला हवं तिथे "आचार्यांचे" येतं, म्हणजे स्वयंपाक्यांचे आभार गुरुजींना जातात. या चुकीत अक्षर तुटत नाही, शब्द सुबकच दिसतो, म्हणून ती नजरेतून सुटते. नवऱ्या, वऱ्हाड, बिऱ्हाड, दऱ्या असे शब्द असतील तिथे ऱ हे स्वतंत्र अक्षरच वापरा. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मजकुरात आम्ही हे शब्द वेगळे शोधून तपासतो.

जुन्या पद्धतीचे फॉन्ट, म्हणजे कृतिदेवसारखे, अजून पुष्कळांच्या मशीनवर आहेत, आणि ते का टिकले हे आम्हाला समजतं. त्यांना जुळणी लागतच नाही. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे दाखवतात, त्यामुळे कुठल्याही इंजिनात सारखेच उमटतात. कृतिदेवमध्ये "शुभ विवाह" प्रत्यक्षात असं साठवलेलं असतं:

```
'kqHk fookg
```

यात `f` ही पहिली वेलांटी, `o` हा व. फॉन्ट असलेल्या मशीनवर सगळं नीट दिसतं. दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर वरचीच ओळ येते. शिवाय तोच मजकूर व्हिडिओच्या वर्णनात किंवा सबटायटलमध्ये वापरता येत नाही. म्हणून आम्ही युनिकोडच मागतो. कृतिदेवमधला मजकूर आला तर रूपांतर करून देतो, पण नंतर ओळ न् ओळ वाचावी लागते, त्यामुळे एक दिवस जास्त धरा.

लग्नपत्रिकेच्या पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूरही आम्ही नाकारतो. पत्रिका अनेकदा जुन्या फॉन्टमध्ये केलेली असते. युनिकोडमध्ये असली तरी कॉपी करताना वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. नावं व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा आणि पत्रिकेचा फोटो सोबत द्या, म्हणजे ताडून पाहता येतं.

फॉन्टची निवड राहिली. मुक्त आणि बलू २ हे दोन्ही फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारे. व्हिडिओवर जाड वजनातही त्यांची जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात. पारंपरिक वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात मराठी वळणाचे ल आणि श मुळातच आहेत. पुष्कळ फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि मराठी वळण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्यावरच उमटतं. एडिटरच्या टायटलमध्ये तो पर्याय सहसा नसतोच.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे `Tracking`, शून्यच ठेवा. इंग्रजी टायटलसारखं ५० किंवा १०० केलं की शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांची होते. आफ्टर इफेक्ट्समध्ये मजकूर एकेक अक्षराने आणू नका, मात्रा आणि अक्षरं वेगवेगळी उडत येतात. रेंज सिलेक्टरमध्ये `Based On` ला `Words` निवडा.

किनार दिली की शिरोरेघेवर उभ्या फटी दिसतात, हीदेखील नेहमीची तक्रार. शिरोरेघ सलग दिसावी म्हणून शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, आणि प्रत्येक अक्षराला वेगळी किनार मिळाली की ती शेजाऱ्याच्या अंगावर उमटते. आफ्टर इफेक्ट्समध्ये `All Fills Over All Strokes` निवडलं की फटी झाकल्या जातात.

शेवटचा टप्पा एक्स्पोर्टचा. तुमच्या टाइमलाइनवर टायटल नीट दिसत असेल तर एमपीफोरमध्येही नीटच येतं, कारण तिथे त्याचं चित्र झालेलं असतं. ते तुटतं प्रोजेक्ट फाइल दुसऱ्याकडे पाठवल्यावर. तिथलं इंजिन आणि तिथले फॉन्ट वेगळे असतात. म्हणून आम्ही टायटल जिवंत मजकूर म्हणून देत नाही. स्थिर टायटल ३८४० पिक्सेल रुंदीच्या, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत देतो. हलतं टायटल प्रोरेस ४४४४ मध्ये देतो, कारण प्रोरेस ४२२ किंवा नेहमीच्या एमपीफोरमध्ये पारदर्शकता टिकत नाही आणि टायटलमागे काळा पट्टा येतो. "आम्हालाच नाव बदलता आलं असतं तर बरं" असं काही जण म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे, पण बदललेलं नाव त्यांच्या मशीनवर तुटलं तर पडद्यावर दिसतं ते आमचंच काम. त्यासाठी नावातली पहिली दुरुस्ती आम्ही विनामूल्य करतो.

हे घरीही करता येतं. इंकस्केप मोफत आहे आणि त्याची जुळणी देवनागरीसाठी भरवशाची आहे. मजकूर टाका, चाचणी ओळीसारखा नजरेखालून घाला, आणि फाइलची एक प्रत मजकुरासह बाजूला ठेवा. मग `Path` मेनूतून `Object to Path`, त्यानंतर `Ungroup`, आणि पुन्हा `Path` मधून `Union`. सगळा शब्द एकच आकार होतो, त्यामुळे किनार दिली तरी शिरोरेघेवर फट येत नाही. एसव्हीजी म्हणून साठवा. वीस-पंचवीस टायटल असतील तर प्रत्येकासाठी ही एक ओळ चालवा:

```
inkscape title.svg --export-type=png --export-width=3840 --export-filename=title.png
```

एक्स्पोर्टआधी वरच्या बाजूला जागा सोडलीय ना ते बघा. "कीर्तींचे" सारख्या शब्दात दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात, आणि घट्ट चौकटीत नेमका रफार कापला जातो. दोन ओळींचं टायटल असेल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे १३० टक्के ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

काम देण्याआधी चाचणी ओळीचा स्क्रीनशॉट आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती पाठवलीत तर दोष इंजिनाचा की फॉन्टचा ते आम्ही त्याच दिवशी सांगतो. त्याचे पैसे घेत नाही. फोटो मोबाइलने काढलेला नको, पडद्यावरूनच घेतलेला हवा, म्हणजे मोडलेला पाय स्पष्ट दिसतो.