वाडीच्या घाटरस्त्याचा भूमितीय अहवाल: कागदपत्रं कोणती आणि तपासणीत काय अडकतं

पाटण तालुक्यातल्या एखाद्या डोंगरवाडीला रस्ता हवा असेल, तर गावकऱ्याने स्वतः भरायचा अर्ज नसतो. ग्रामसभेचा ठराव होतो आणि पुढचा प्रस्ताव जिल्ह्यातली अंमलबजावणी यंत्रणा तयार करते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात आपल्याकडच्या सर्वसाधारण भागासाठी 2011 च्या जनगणनेनुसार 500 लोकवस्ती आणि आधी बारमाही रस्ता नसणं ही अट आहे. प्रस्तावासोबतच्या प्रकल्प अहवालात भूमितीय संकल्पनाचा, म्हणजे रस्त्याची आखणी, चढ आणि वळणं ठरवण्याचा भाग असतो. माझ्या अनुभवात फाईल परत येते ती बहुतेक याच भागामुळे.

जोडायच्या कागदांत ग्रामसभेचा ठराव, गाव नकाशा, रस्त्याखाली जाणाऱ्या गटांचे सातबारे, जमीनमालकांची संमतीपत्रं आणि शिवारफेरीचं सह्यांसहित इतिवृत्त येतं. संमतीपत्र किरकोळ समजू नका, कारण या योजनेच्या निधीतून भूसंपादनाचा खर्च मिळत नाही. आखणीत वनजमीन असेल, तर वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) खाली प्रति प्रकरण एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी 75 झाडांपर्यंतच तोड, या मर्यादेत ग्रामसभेच्या शिफारशीने परवानगी मिळू शकते.

आता खऱ्या प्रश्नाकडे. शिवारफेरीत एक आजोबा हमखास विचारतात, "साहेब, पाऊलवाट सरळ वर जाते, मग तुम्ही एवढा वळसा का घालताय?" अहवालाने याच प्रश्नाचं उत्तर आकड्यांत द्यायचं असतं.

नमुन्यादाखल धरू, की पायथा आणि वाडी यांच्यात 96 मीटर उंचीचा फरक आहे आणि पाऊलवाट 1,100 मीटरची. तिच्यावरूनच रस्ता नेला तर सरासरी चढ 8.7 टक्के पडतो. तीव्र उताराच्या डोंगरात ग्रामीण रस्त्याला नेहमीचा चढ 6 टक्के, मर्यादा 7 आणि अपवाद म्हणून 8. तो अपवादही एका सलग तुकड्यात 100 मीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे पाऊलवाट बाद. 6 टक्क्यांनी चढायचं तर 1,600 मीटर लागतात, पण एवढ्याने भागत नाही. लांबी बसवायला दोन हेअरपिन वळणं घ्यावी लागतात आणि त्यांत चढ अडीच टक्क्यांवर आणावा लागतो. प्रत्येकी 60 मीटर धरली, तर 120 मीटरमध्ये फक्त 3 मीटर चढ मिळतो. उरलेल्या 93 मीटरसाठी 1,550 मीटर लागतात, एकूण 1,670. जास्तीचे 570 मीटर कशापायी, याचा हिशोब असा मांडला की तपासणारा आणि आजोबा दोघंही गप्प बसतात.

मात्र एक पळवाट लगेच पकडली जाते. 6-7-8 ही मुभा आडवा उतार 60 टक्क्यांच्या वर असलेल्या डोंगरालाच आहे. 25 ते 60 टक्क्यांत आकडे 5-6-7 होतात. अहवालात 'तीव्र उतार' लिहिलं आणि सोबतच्या आडव्या छेदांत 40 टक्के दिसले, की आखणी पुन्हा करावी लागते. हेअरपिनची आतली त्रिज्या 14 मीटरपेक्षा कमी दाखवली तरी तेच. त्या वळणाची जागा संमतीपत्रातल्या गटात बसते का, हे आधीच पाहा.

रस्त्याच्या थरांच्या जाडीचं गणित मातीच्या सीबीआरवर, म्हणजे तिच्या भार पेलण्याच्या ताकदीच्या चाचणीतल्या आकड्यावर, आणि वाहतुकीवर चालतं. इथल्या पावसाला चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर द्यावा, कोरड्याचा नव्हे. वाहतुकीत मात्र घोटाळा होतो, कारण गणना बहुधा उन्हाळ्यात होते आणि तेव्हा ऊस संपलेला असतो.

वाहतूक मोजतात ती प्रमाण आस-फेऱ्यांत, म्हणजे गाड्यांचा भार एका ठरावीक वजनाच्या आसाच्या फेऱ्यांत बदलून. पायथ्याच्या भागात हंगामाबाहेर दिवसाला अशा 10 फेऱ्या निघाल्या असं समजा. दहा वर्षं आणि 6 टक्के वाढ धरून एकपदरी रस्त्याला गुणक 4,811 येतो, म्हणजे 48,110 फेऱ्या. आता 120 दिवसांच्या गाळपात रोज सरासरी 52 फेऱ्या धरा:

(10 × 245 + 52 × 120) / 365 = 23.8

आता दहा वर्षांच्या फेऱ्या सुमारे 1.15 लाख झाल्या. 30 ते 60 हजारांच्या गटातला रस्ता एक ते दोन लाखांच्या गटात गेला आणि तिथे जाडी वाढते. उन्हाळ्यातल्याच आकड्यावर बांधलेल्या रस्त्याला दोन-तीन हंगामांत चाकोऱ्या पडतात. मग दोष डांबराला दिला जातो.

वाडीकडच्या चढावर उसाच्या गाड्या जात नाहीत. तिथे वेगळी गणना आणि मुरमाचा वेगळा सीबीआर घेऊन कमी जाडी दाखवा. जाडी कुठे बदलते ती साखळी, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, आणि तिथल्या मातीच्या नमुन्याचा क्रमांक लांबीछेदाच्या नकाशावर लिहा.