फोटोवर चित्राचे फटकारे, नुसत्या शब्दांनी: पार्श्वभूमी

एका चित्राचे रंग दुसऱ्या प्रतिमेला देण्याची पद्धत २००१ मध्ये आली. ती रंगांची सरासरी आणि विखुरण मोजून जुळवून घेई. २०१५ मध्ये जर्मनीतल्या तीन संशोधकांनी वस्तू ओळखायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कमधून चित्राचा आशय आणि पोत वेगळे काढून दाखवले. ट्युबिंगेनच्या नदीकाठच्या घरांच्या फोटोवर व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ या चित्राचे फटकारे उमटले आणि वर्षभरात ही करामत मोबाइल अ‍ॅपमध्ये पोहोचली. तोवर मूळ चित्र प्रोग्रॅमला प्रत्यक्ष द्यावं लागे.

शब्दांवर काम भागेल असं दिसू लागलं ते २०२१ मध्ये. सुमारे ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलेल्या एका मॉडेलमुळे मजकूर आणि चित्र एकाच मापाने ताडता येऊ लागलं. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रतिमा घडवणारं एक मॉडेल सर्वांसाठी खुलं झालं. त्यात आपला फोटो घालायचा, त्यावर ठरावीक प्रमाणात नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळायचा आणि प्रॉम्प्टच्या, म्हणजे लिहून दिलेल्या वर्णनाच्या, आधाराने तो साफ होताना नवं चित्र मिळवायचं. हे प्रमाण `strength` नावाच्या आकड्यावर ठरे. तो ०.३ च्या आसपास ठेवला तर चेहरा टिके, पण फटकारे जेमतेम दिसत. ०.७ च्या पुढे नेला की फटकारे छान येत आणि फोटोतल्या आजीच्या जागी भलतीच बाई बसलेली असे.

हवी ती शैली मिळवायला तेव्हा सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे प्रॉम्प्टमध्ये चित्रकाराचं नाव टाकणं. पोलंडमधल्या एका हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये इतकं वापरलं गेलं की इंटरनेटवर त्याच्या स्वतःच्या कामाआधी या नकला दिसू लागतील अशी धास्ती त्याने जाहीरपणे बोलून दाखवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच मॉडेलची दुसरी आवृत्ती आली आणि ही नावं जवळपास निकामी झाली. वापरणारे भडकले, चित्रकारांची नावं मुद्दाम छाटली असा आरोप झाला. निर्मात्यांनी तो नाकारला. त्यांच्या सांगण्यानुसार बदल मजकूर समजून घेणाऱ्या भागात होता: पहिल्या आवृत्तीत तो दुसऱ्या संस्थेने आपल्या अप्रकाशित संग्रहावर शिकवलेला होता, नवा भाग खुल्या संग्रहावर शिकवला होता आणि त्यात त्या नावांची ओळख फिकी होती. हा खुलासा तांत्रिकदृष्ट्या पटतो. पण तक्रार करणाऱ्यांचा रोख मला तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. ज्याची शैली विचारल्याशिवाय वापरली जात होती त्याची बाजू या भांडणात फार थोड्यांनी घेतली. काही महिन्यांत मॉडेलला जोडायच्या छोट्या फाइली त्या शैलीवर शिकवून तीच शैली परत आणली गेली.

या धक्क्याचा एक फायदा मात्र झाला. लोक नावाऐवजी चित्राकडे बघून वर्णन लिहू लागले. नावासोबत आशयही घुसतो: ‘स्टारी नाइट’ लिहिलं की भरदुपारच्या अंगणावरही चंद्र आणि भोवरे येतात. ओट्यावर बसलेल्या आजीचा फोटो आणि जाड रंगातलं गव्हाच्या शेताचं चित्र समोर असेल, तर प्रॉम्प्ट साधारण असा लिहिला जाई:

```
oil painting, thick impasto, short curved strokes
following the form, ultramarine shadows,
ochre and pale yellow light
```

यात रंगांना जागा नेमून दिली आहे: निळा सावलीला, पिवळा उजेडाला. नुसतं `yellow` लिहिलं तर मॉडेल बहुधा एखादी वस्तू शोधून तीच पिवळी करतं, आजीचं लुगडं किंवा मागची भिंत. फटकाऱ्यांची दिशाही सांगावी लागते, नाहीतर गालावर आणि आभाळात एकाच मापाचे, एकाच दिशेचे फटकारे पसरतात. ब्रशचा परिणाम खरंच आला का हे बघायचं तर चित्र कृष्णधवल करावं. जाड रंगाचे उंचवटे फिकट-गडद फरकातून दिसतात, म्हणून रंग काढल्यावर साधा फोटो उरत असेल तर फक्त रंगसंगती बदलली आहे, ब्रश लागलेलाच नाही.

चेहऱ्याची अडचण सुटायला सुरुवात झाली ती त्याच नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या, सूचना वाचून फोटो बदलणाऱ्या मॉडेलपासून. त्यात फोटोशी किती इमान राखायचं आणि शब्दांशी किती, हे दोन स्वतंत्र आकडे झाले. मार्च २०२५ मध्ये संभाषणातूनच फोटो बदलणारी सोय आली आणि एका जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या धाटणीतले कौटुंबिक फोटो आठवडाभरात आपल्याकडेही सगळीकडे दिसू लागले. त्या सोयीत हयात चित्रकाराचं नाव घेतलं तर नकार मिळे, स्टुडिओची धाटणी मात्र चाले. ही रेघ कुठे ओढायची, हा वाद मिटलेला नाही. रंगांच्या अचूक छटा शब्दांत पकडणंही अजून जमलेलं नाही. `ochre` म्हटल्यावर कुठलीतरी मातकट पिवळी छटा मिळते, समोरच्या चित्रातली नेमकी नाही.