पासवर्ड न सांगता पासवर्डची तपासणी

एखाद्या कंपनीचा विदा चोरीला गेला की त्यातील ईमेल पत्ते आणि पासवर्ड यांच्या याद्या गुन्हेगारांमध्ये फिरू लागतात. आपला पत्ता अशा यादीत आहे का, हे सांगणाऱ्या संकेतस्थळांपैकी सर्वांत परिचित म्हणजे ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेले haveibeenpwned.com. तेथे फक्त ईमेल पत्ता द्यावा लागतो. उत्तरात गळतीचे नाव, तिचा काळ आणि कोणत्या प्रकारची माहिती बाहेर पडली एवढेच कळते, फुटलेला पासवर्ड दाखवला जात नाही.

हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पत्ता कोणीही टाकू शकतो आणि पासवर्ड दाखवणारे संकेतस्थळ तो तुमच्याइतकाच तुमच्या शत्रूलाही दाखवते. चोरीची माहिती पैसे घेऊन विकणाऱ्या ‘वीलीकइन्फो’चे डोमेन अमेरिकी यंत्रणांनी जानेवारी 2020 मध्ये जप्त केले, ते याच कारणाने. ज्या गळतीत नाव असणेच एखाद्याला अडचणीत आणू शकते, तिचा निकाल हंट यांचे संकेतस्थळ सर्वांसमोर दाखवत नाही. त्या पत्त्याची मालकी ईमेलद्वारे सिद्ध केल्यावरच तो मिळतो. जर्मनीतील हासो प्लाट्नर संस्थेची तपासणी सेवा तर निकाल थेट त्या पत्त्यावरच पाठवते.

मग हंट यांच्या संकेतस्थळावर पासवर्ड तपासण्याचीही सोय आहे, ती सुरक्षित कशी? समजा, पासवर्ड password असा आहे. तुमचा ब्राउझर ‘एसएचए-1’ या गणिती प्रक्रियेने त्याचे 40 चिन्हांच्या ठशात रूपांतर करतो:

```
5BAA61E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

सर्व्हरकडे जातात ती फक्त पहिली पाच चिन्हे, 5BAA6. या पाच चिन्हांनी सुरू होणाऱ्या सर्व फुटलेल्या पासवर्डांच्या ठशांची उरलेली 35 चिन्हे सर्व्हर परत पाठवतो आणि जुळणी तुमच्याच यंत्रावर होते. पाच चिन्हांचे 10,48,576 प्रकार होतात आणि प्रत्येकाखाली अनेक ठसे असतात, त्यामुळे तुम्ही नेमका कोणता पासवर्ड विचारला, हे सर्व्हरला ठरवता येत नाही. याची खातरजमा ब्राउझरच्या ‘डेव्हलपर टूल्स’मधील ‘नेटवर्क’ भागात करता येते: बाहेर जाणाऱ्या विनंतीच्या शेवटी पाचच चिन्हे दिसायला हवीत. ईमेल पत्ता आणि पासवर्ड एकत्र मागणारे पान मात्र तत्काळ बंद करावे, कारण तपासणीसाठी या जोडीची कधीच गरज नसते.

‘काही आढळले नाही’ या उत्तराचा अर्थ एवढाच, की हाती आलेल्या याद्यांत तुमचा पत्ता नाही. लिंक्डइनमधील चोरी 2012 ची होती, पण तिचा मोठा साठा 2016 मध्ये उघड झाला. मधल्या चार वर्षांत कोणत्याही तपासणीला तो दिसणे शक्य नव्हते. म्हणून हंट यांच्या संकेतस्थळावरील सूचनासेवेत पत्ता नोंदवावा, म्हणजे नवी यादी जमा झाली आणि तीत तुमचा पत्ता असला की तसे कळवणारा ईमेल येतो.