शिशु-फॉर्म्युला : नेहमीचा, सोयाचा आणि हायड्रोलाइज्ड

आईचे दूध नसते किंवा पुरत नाही, तेव्हा तान्ह्या बाळाला पाजायच्या पावडरीच्या दुधाचे हे तीन प्रकार. त्यांतला मुख्य फरक प्रथिनांचा आहे. नेहमीच्या फॉर्म्युल्यात गाईच्या दुधातली केसीन व व्हे ही प्रथिने अखंड असतात आणि साखर लॅक्टोजची असते. सोया फॉर्म्युल्यात सोयाबीनमधून काढलेले प्रथिन असते आणि लॅक्टोज नसते. ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ फॉर्म्युल्यात प्रथिन बहुधा गाईच्या दुधाचेच असते. मात्र विकरांनी त्याचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की बाळाची प्रतिकारसंस्था ते सहसा ओळखत नाही. या तुकड्यांमुळेच हा फॉर्म्युला चवीला कडवट लागतो. किंमतही बरीच जास्त असते.

फॉर्म्युला बदलण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे दूधप्रथिनाची ॲलर्जी. समजा, पावडरीवर वाढणाऱ्या दोन महिन्यांच्या बाळाच्या शीमध्ये चिकट स्राव आणि रक्ताचे धागे दिसतात. बाळ हसते-खेळते आहे, वजनही वाढते आहे. डॉक्टर आधी गुदद्वाराला चीर पडली आहे का आणि जंतुसंसर्ग आहे का, हे पाहतात. तसे नसेल तर दोन ते चार आठवडे हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला देतात. रक्त थांबले, तरी निदान पक्के होत नाही, कारण अशी लक्षणे आपोआपही जातात. म्हणून जुना फॉर्म्युला पुन्हा देऊन पाहतात. लक्षणे परतली, तर ॲलर्जी खरी. ही पायरी पालकांना नकोशी वाटते, पण ती गाळली तर बाळ महिनोन्महिने विनाकारण महागड्या डब्यावर राहते. दूध पिताच अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास अडकत असेल, तर हा प्रयोग घरी करायचा नसतो.

सोया स्वस्त आणि चवीला बरा, तरी सहा महिन्यांच्या आत ॲलर्जीसाठी तो सहसा पहिली निवड नसतो. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना तो देत नाहीत, कारण सोयावर त्यांच्या हाडांत पुरेशी खनिजे भरत नाहीत. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात मात्र लॅक्टोज वर्ज्य असल्याने सोयाच कामाचा.

केवळ लॅक्टोजविरहित डबा आणून ॲलर्जी जात नाही, कारण त्यात दूधप्रथिन तसेच असते. आपल्याकडे हलके म्हणून सुचवले जाणारे शेळीचे दूधही चालत नाही: त्याची प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की बहुतेक ॲलर्जिक बाळांना तेही बाधते. दूध पिऊन झाल्यावरची थोडीशी गुळणी किंवा संध्याकाळचे रडणे, एवढ्यावरून डबा बदलण्याची गरज नसते.

सुमारे दहातल्या एखाद्या ॲलर्जिक बाळाला हायड्रोलाइज्ड फॉर्म्युलाही सोसत नाही. त्याला सुट्या अमिनो आम्लांचा फॉर्म्युला लागतो.